कडव्यांचा आलेख

चौकटीच्या कागदावर मी पहिल्यांदा मांडलेलं गीत सावरकरांचं ‘ने मजसी ने’. तेव्हा मी सांगलीत शाळेत होते. आडव्या रेषेवर कडवी, उभ्या रेषेवर भावनेची तीव्रता एक ते पाच आणि प्रत्येक ठिपक्याखाली त्या भावनेचं नाव, एकाच शब्दात.

१९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेल्या या गीताची कडवी चार. पहिल्यात समुद्राने दिलेल्या वचनावरचा विश्वास, दोनवर. दुसऱ्यात फसगत कळल्यावरची घुसमट, चारवर. तिसऱ्यात मायभूमीची ओढ आणि रेघ तीनवर उतरते. चौथ्यात थेट समुद्राला धाक घालणारा संताप, पाचवर.

तिसऱ्या कडव्यातली ती उतरण मला फार उशिरा, पुण्यात गाणं शिकताना उमगली. तिथे कवी आपलं दुःख बाजूला ठेवून मातृभूमीची थोरवी सांगतो आणि शेवटी समुद्राला त्याच्या लाडक्या नदीच्या विरहाची शपथ घालतो. शपथ घातली की ती मोडल्याचा जाब विचारता येतो. म्हणून चौथ्या कडव्यातला संताप अचानक उपटलेला वाटत नाही. ध्रुवपदाचे शब्द तेच, पण विश्वासानंतर ते विनवणीसारखे लागतात आणि संतापानंतर बजावल्यासारखे.

आता जयपूरच्या विद्याधर नगरात गणेशोत्सवासाठी नवी गीतं बसवताना मी हाच आलेख काढते. आधी चाल बाजूला ठेवून शब्द नुसते वाचते, कारण चांगली चाल सपाट कडवंही तारून नेते. मग दुसऱ्या कुणाला तरी, गीत लिहिणाऱ्याला न विचारता, ठिपके द्यायला सांगते.

आमच्या सेक्टरमधल्या एका मुलीने आजीच्या गावावर चार कडवी लिहिली होती. विहीर, अंगण, देवघर ही पहिली तीन कडवी तीनवर आणि तिन्ही ठिपक्यांखाली एकच शब्द: आठवण. चौथ्यात घर विकल्याचं दुःख एकदम पाचवर, तेही शेवटच्या दोन ओळींत. शेजारच्या दोन ठिपक्यांची उंची आणि नाव दोन्ही सारखी असली, तर तिथे गीत थांबलेलं असतं. ओळी थोड्या आणि चढ मोठा असला, तर तिथे घाई झालेली असते. तिने अंगण विहिरीच्या कडव्यात सामावलं आणि मोकळ्या झालेल्या दुसऱ्या कडव्यात घर विकायची कुजबुज आणली. देवघर तिसरंच राहिलं, पण आता त्यात धास्ती आली, आणि चौथ्यातल्या दुःखाला चारही ओळी मिळाल्या.

प्रत्येक सपाट रेघ मात्र मोडू नये. पाळण्याची रेघ सपाटच हवी, कारण बाळाला झोप लागावी म्हणून तो गायचा असतो. ठिपके देण्याआधी मी विचारते, हे गीत ऐकणाऱ्याला कुठून कुठे न्यायचं आहे? त्याचं उत्तर ठरलं, की कुठली सपाटी राखायची आणि कुठली मोडायची ते कळतं.