डिलिव्हरी बॉय, सर्व्हिस लिफ्ट आणि 'पूर्ण नाव' : एका नोटिशीचे वाचन

"सर्व डिलिव्हरी बॉय व कामगार यांनी फक्त सर्व्हिस लिफ्टचा वापर करावा. मुख्य लिफ्टमध्ये आढळल्यास ५०० रु. दंड आकारण्यात येईल. गेटवरील रजिस्टरमध्ये पूर्ण नाव व मोबाईल नंबर लिहिणे बंधनकारक. लॉबीत बसू नये. वॉशरूम फक्त रहिवाशांसाठी."

पुण्याच्या एका उपनगरात आम्ही भाड्याने राहतो, त्या सोसायटीच्या गेटवर मागच्या वर्षी ही नोटीस लागली. जातीचा शब्द तिच्यात कुठेही नाही. म्हणूनच ती नीट वाचायला हवी.

आधी नोटिशीची बाजू पाहू. सोसायटीत दोन पार्सले हरवली होती, एक सायकल गेली होती. सुरक्षेची काळजी खोटी नाही. पण सुरक्षेसाठी नेमके काय कळायला हवे? कोण आला, कोणत्या फ्लॅटकडे गेला, किती वाजता बाहेर पडला. बस, एवढेच. तो कोणत्या लिफ्टने गेला याचा चोरीशी संबंध काय? आमच्या इमारतीत तर कॅमेरा मुख्य लिफ्टमध्ये आहे, सर्व्हिस लिफ्टमध्ये नाही. म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा, त्यालाच कॅमेरा नसलेल्या लिफ्टमध्ये पाठवायचे! मग हा नियम चोरी थांबवण्यासाठी नाही, सोबत उभे राहणे टाळण्यासाठी आहे. घामाचा वास, पाठीवरची पिशवी, अंगाला अंग लागणे, ही सगळी कारणे आम्ही बैठकीत ऐकली. विटाळ हा शब्द मात्र कुणी उच्चारला नाही.

आमची इमारत अकरा मजली. सर्व्हिस लिफ्ट एकच, तीही रात्री आठ ते नऊ कचऱ्याचे डबे उतरवण्यात अडकलेली. जेवणाच्या ऑर्डरी त्याच वेळेला येतात. एका संध्याकाळी आम्ही गेटवर थांबून घड्याळ लावले. नवव्या मजल्यावर जेवण देऊन परतायला मुख्य लिफ्टने एका पोराला सहा मिनिटे लागली. दुसऱ्याने सर्व्हिस लिफ्टची वाट पाहिली, शेवटी जिना चढला, त्याला सतरा मिनिटे लागली. त्याची कमाई ऑर्डरवर आहे, तासावर नाही. वरची अकरा मिनिटे त्याच्या खिशातून गेली. जेवण थंड झाले म्हणून ग्राहकाने कमी तारे दिले तर तेही त्याच्याच नावावर.

आता 'पूर्ण नाव'. महाराष्ट्रात पूर्ण नावाचा अर्थ काय होतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नाव, वडिलांचे नाव, आडनाव. हे रजिस्टर टेबलावर उघडे पडलेले असते, येणारा-जाणारा वाचतो. कांबळे आला, शेख आला, हे वॉचमनच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कळते. एका पोराने आम्हाला सांगितले की तो गेटवर फक्त पहिले नाव लिहितो. का, ते आम्ही विचारले नाही. खरे तर नाव हवेच कशाला? पार्सल ओळखायला कंपनी, फ्लॅट नंबर, ऑर्डरचे शेवटचे चार अंक आणि आत-बाहेर जाण्याची वेळ पुरते. तक्रार झालीच तर त्या चार अंकांवरून कंपनी माणूस शोधून देते. आडनावाने तो सापडत नाही, आडनावाने त्याची जात सापडते.

सोसायटीचे गेट माणूस पाहून उघडते, ही आमच्या मनाची कल्पना नाही. १९ मार्च २०२४ रोजी झोमॅटोने शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळा ताफा आणि हिरवा गणवेश जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घेतला. लाल गणवेशाचा संबंध मांसाहाराशी जोडून काही सोसायट्या विशिष्ट दिवशी त्या पोरांना अडवतील, ही शक्यता कंपनीच्या प्रमुखांनी स्वतःच बोलून दाखवली. (तो दिवस २० मार्चचा होता, महाडच्या सत्याग्रहाचा. योगायोगच.)

नोटिशीचा फोटो ग्रुपवर टाकताच आमच्या काही तरुण मित्रांनी लिहिले, "ॲट्रॉसिटी लावा." त्यांचा राग आम्हाला समजतो, पण ही केस त्यात बसत नाही. त्या कायद्यात पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आणि कृत्य करणारी त्याबाहेरची असावी लागते. नोटीस सगळ्याच डिलिव्हरीवाल्यांना लागू आहे, त्यात मराठा आहेत, मुस्लिम आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले ब्राह्मणही आहेत. कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांविषयी बोलते. खासगी इमारतीची लिफ्ट त्यात ओढून आणणे सोपे नाही. फसलेली तक्रार पुढच्या खऱ्या तक्रारीचे नुकसान करते. इथे हत्यार दुसरेच आहे, सोसायटीचे उपविधी. उपविधी सभासदांना बांधतात, बाहेरच्या माणसाला नाही. पार्सल घेऊन आलेल्या पोराकडून ५०० रुपये वसूल करण्याचा अधिकार समितीला कुठून मिळाला? हा एकच प्रश्न आम्ही लेखी विचारला. भाडेकरूला सभेत मत नाही, म्हणून पत्रावर ओळखीच्या चार सभासदांच्या सह्या घेतल्या.

सचिव आम्हाला म्हणाले, "सर, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता." आम्ही म्हणालो, "साहेब, मग जातीचा विषय बाजूला ठेवा. दंडाचा नियम तेवढा दाखवा." नियम नव्हता. दंडाची ओळ आठवड्यात गेली.

समितीने मग दुसरे टोक गाठले : कुणालाच आत सोडायचे नाही, सगळी पार्सले गेटवर. हे वरवर समतेचे दिसते, पण भार वॉचमनवर पडतो. बारा तासांची पाळी, एक टेबल, त्यावर दिवसाला साठ-सत्तर पार्सले. काही हरवले की एजन्सी पगारातून कापते. ओटीपी आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल तर गेटवर ठेवताच येत नाही. ग्राहक फोन उचलत नाही आणि पोरगा वॉचमनशी भांडतो. दोघेही वस्तीतले, एकमेकांवर ओरडणारे, आणि नोटीस काढणारे वर एसीत. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच : प्रत्येकाच्या हाती खालच्याला अडवण्याची काठी दिलेली असते.

आम्ही मसुदा लिहून दिला, तो थोड्या फरकाने आज गेटवर आहे : "घरी असाल तर पार्सल दारात स्वतः घ्या. गेटवर ठेवायचे असल्यास आधी वॉचमनला कळवा. ओटीपी व रोखीची पार्सले गेटवर स्वीकारली जाणार नाहीत. वॉचमन पार्सल नोंदवेल, नेताना रहिवासी सही करेल. रात्री दहानंतर उरलेली पार्सले कार्यालयात कुलुपात राहतील. डिलिव्हरी प्रतिनिधीने कंपनी, फ्लॅट व ऑर्डरचे शेवटचे चार अंक सांगावेत. जी लिफ्ट आधी येईल ती वापरावी. पिण्याचे पाणी गेटशेजारी आहे."

'जी लिफ्ट आधी येईल ती' या ओळीवर सर्वांत जास्त वाद झाला. दोन कुटुंबे अजूनही डिलिव्हरीवाला आत असला की लिफ्ट सोडून देतात. सोडू देत, लिफ्ट लवकर वर जाते.

वॉशरूमची ओळ मात्र समितीने काढलेली नाही. तळमजल्यावर वॉचमनचे शौचालय आहे, ते खुले करा एवढीच मागणी आहे. आता बायकाही डिलिव्हरी करतात, भर पावसात दहा-दहा तास गाडीवर असतात. "वार्षिक सभेत बघू," असे उत्तर मिळाले. ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. विषयपत्रिकेसाठी पत्र दिले आहे, त्यावर या वेळी नऊ सह्या आहेत.