सकाळी वाचायचं पत्र

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जुनी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना धरून आहेत. एखाद्याचं पिणं वाढलं की आळीत ते लगेच कळतं. त्याच्याशी नीट बोलणारं मात्र कुणी सापडत नाही. जो बोलायला जातो तो बहुधा रात्री जातो, समोरचा प्यायलेला असताना. मित्र रडतो, शपथा घेतो आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. तो ढोंग करत नसतो. दारूचं प्रमाण फार झालं की माणूस बोलतो, चालतो, पण मेंदूत नवी आठवण साठतच नाही. म्हणून पत्र लिहावं. ते सकाळी, शुद्धीवर असताना हातात पडतं आणि राग आलाच, तर बाजूला ठेवून पुन्हा उघडता येतं.

समजा, लिहिणाऱ्याने सुरुवात केली, ‘तू हल्ली पूर्ण वाया गेलायस.’ पत्र तिथेच संपलं. पुढचं तो वाचेल ते फक्त खोडून काढण्यासाठी. त्याऐवजी असं लिहिता येतं:

‘डिसेंबरात आपण तानसेन समारोहाला गेलो. शेवटपर्यंत जागचा न हलणारा तू, यंदा दोनदा उठून बाहेर गेलास आणि नंतर आलाच नाहीस. मी गाडीपाशी आलो तेव्हा तुला कुलपात किल्ली घालता येत नव्हती. मला भीती वाटली. अजूनही वाटते.’

यात एकही विशेषण नाही. जागा आहे, प्रसंग आहे आणि लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेलं आहे. ‘वहिनी सांगत होत्या’ हे तर चुकूनही लिहू नये. पत्र वाचून झाल्यावर त्याचा राग त्या माउलीवर निघतो, आणि तेव्हा लिहिणारा तिथे नसतो.

हा निव्वळ सौजन्याचा मामला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983मध्ये व्यसनी माणसाशी बोलण्याची एक वेगळी पद्धत मांडली: वाद घालायचा नाही, बदलाची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यायची. दहा वर्षांनी त्यांनी सहकाऱ्यांसोबत दोन प्रकारच्या समुपदेशनाची तुलना केली. समुपदेशक जितका अंगावर जाई, तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त आढळलं. समुपदेशकांची ही कथा, तर दुखावलेल्या मित्राने लेखणी फार जपूनच धरायला हवी.

कारणालाही हात घालावा, पण हळूच. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला सुधाकर पहिला प्याला उचलतो तो वकिलीची सनद काही काळापुरती रद्द झाल्याच्या अपमानात. आपल्या मित्राचंही असं काही ठसठसत असेल: अडलेली बढती, वडिलांचं जाणं, निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी. ‘त्या गोष्टीनंतर आपण नीट बोललोच नाही’ एवढं वाक्य पुरतं. निदान करायला बसू नये.

सगळ्यात जपायची जागा विनंतीची. प्रेमापोटी हात लिहून जातो, ‘आजपासून थेंबही घेऊ नकोस.’ रोज भरपूर पिणाऱ्याला हा सल्ला जिवावर बेतू शकतो. दारू एकाएकी तुटली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. म्हणून लिहावं, ‘एकट्याने एकदम सोडू नकोस. सोमवारी सकाळी मी येतो, मानसिक आरोग्यशाळेच्या ओपीडीत आपण दोघं जाऊ.’ तिथे जायचा संकोच वाटला, तर 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर आधी बोलता येतं. मागणी एकच असावी, आणि तिला वार असावा.

पुढे एक ओळ स्वतःविषयी. ‘मी तुला उसने पैसे देणार नाही, ऑफिसात तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. बाकी कधीही हाक मार.’ ही धमकी वाटू नये म्हणून ती शेवटी न ठेवता मधेच ठेवावी. आणि पाळता येईल तेवढंच लिहावं.

‘तुला उगीच वाटतंय’ असं उत्तर येईलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या दारूविषयीच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत शेवटचा प्रश्न हाच आहे: नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर, कुणी तुमच्या पिण्याबद्दल काळजी व्यक्त केली आहे का? गेल्या वर्षभरात केली असेल, तर त्या एका उत्तराचे चार गुण धरतात. आठ गुणांपासून पुढे पिणं धोक्याचं मानतात. मित्राची काळजी डॉक्टरांच्या हिशेबातही मोजली जाते.

पत्र त्याच्याच हातात द्यावं, घरच्यांकडे नाही. दुसऱ्या दिवशी ‘वाचलंस का?’ म्हणून फोन करू नये. सोमवार यायचाच आहे, तेव्हा ठरल्याप्रमाणे दारात हजर व्हावं. नाही म्हणाला, तर चहा घेऊन परतावं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा जावं. मात्र मधल्या काळात त्याने पिणं अचानक थांबवलं असेल आणि झटका आला किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर सोमवारची वाट पाहू नये. 108 लावून त्याला तडक रुग्णालयात न्यावं.