इथंच तर जायचंय

दिंडोरीत हेल्मेटचा बोर्ड करायचा म्हटलं की पहिली फर्माईश यमराजाची येते. रेडा, फास, रस्त्यावर सांडलेलं रक्त. मी नको म्हणतो. असलं चित्र दिसलं की गाडीवाला नजर फिरवतो आणि 'आपण कुठं एवढं पळवतो' म्हणून पुढं निघतो.

'घरी कुणीतरी वाट पाहतंय' हेही मी टाळतो. ती भीतीच आहे, फक्त गोड आवाजातली.

15 ऑगस्ट 2021 ला नाशिक शहर पोलिसांनी पंपांवर 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं. मथळा म्हणून ते चोख होतं. चार शब्द, रक्ताचा थेंब नाही, आणि बोर्ड नेमका गाडी थांबते तिथं. पण शेजारच्याचं हेल्मेट दोन मिनिटं डोक्यावर ठेवूनही टाकी भरून घेता यायची. अट पंपापुरती, म्हणून तिची ताकदही पंपापुरतीच.

आमच्याकडं खरी अडचण गावातून मळ्यात, मोहाडीला किंवा जानोरीला जाताना येते. हेल्मेट घरात खुंटीला असतं आणि तोंडात एकच वाक्य, 'इथंच तर जायचंय.' मथळ्यानं याच वाक्याला उत्तर द्यायला हवं. 'जवळ जातानाही हेल्मेट वापरा' हा पहिला पर्याय सरकारी परिपत्रकासारखा झाला. 'अपघात अंतर बघत नाही' यात भीती मागच्या दारानं आत आली. तिसरा असा: 'इथंच जायचंय? तेवढ्यापुरतं घाला.' गाडीवाल्याचं म्हणणं खोडलं नाही, मान्य केलं आणि मागणीही तेवढीच छोटी ठेवली. हाच मी पुढं केला.

चार शब्दांवर मी का अडतो? ताशी 40 किलोमीटरनं गाडी सेकंदाला साधारण 11 मीटर जाते. तीन सेकंद नजर मिळाली तरी तेवढ्यात 33 मीटर सरले. आपल्या अक्षरांना वर-खाली मात्रा, उकार. ओळी चिकटल्या की लांबून सगळं काळं दिसतं. म्हणून दोनच ओळी, मध्ये भरपूर मोकळी जागा.

गाडी उभी असते तिथं मात्र चाल बदलते. पंपावर किंवा बाजार समितीच्या फाटकाशी 'पट्टा टक् वाजला का?' चालतं, कारण हात लगेच हनुवटीखाली जातो. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी निसटतं. मागच्या सीटसाठी 'मागच्यालाही डोकं आहे' हा पर्याय लोकांना हसवतो. कायद्याचं कलम 129 मागं बसणाऱ्यालाही लागू आहे, ते खाली बारीक अक्षरांत.

एप्रिलातल्या उकाड्याच्या तक्रारीला माझ्याकडं मथळा नाही, कारण ती खरीच आहे. तिथं मी दुकानदाराला विचारून हवेची भोकं असलेल्या, आयएसआय शिक्क्याच्या हेल्मेटचा भाव लिहितो.