एका पायावर उभं राहताना

एका पायावर उभं राहायला सांगितलं की माणूस हमखास विचारतो, “किती वेळ?” वेळ मी मोजतेच, पण तेवढ्यावरून फारसं कळत नाही. दोन माणसं पाचव्या सेकंदाला पाय टेकतात आणि दोघांची कारणं अगदी वेगळी निघतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला बघायचं असतं की तोल पहिल्यांदा सुटला कुठे, घोट्यात की खुब्यात. आणि दोन्ही धड असतील, तर मग त्यांना खबर उशिरा पोचते का.

साधारण साठीच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. एसटीची पायरी उजव्या पायाने चढताना आपण एका बाजूला झुकतो, ही त्यांची तक्रार. “घोट्यात जोर नाही” असं कुणीतरी सांगितल्यामुळे त्या रोज घरी उशीवर उभं राहण्याचा सराव करत होत्या. फरक पडत नव्हता, उलट धास्ती वाढली होती.

मी त्यांना भिंतीच्या कोपऱ्याजवळ अनवाणी उभं केलं, दोन्ही बाजूंना हाताशी येतील अशा खुर्च्या ठेवल्या आणि हातांची घडी घालायला सांगितली. आधी डावा पाय टेकून उजवा उचलायला लावला. या वेळी घोट्याकडे बघण्यासारखं असतं. पुढच्या बाजूच्या शिरा एकसारख्या ताठ-सैल होत असतात, पाऊल कधी करंगळीकडच्या कडेवर दाब देतं, कधी अंगठ्याकडच्या. शरीराचा भार डावीकडे सरकला की तळव्याखालचा दाब त्याहून थोडा जास्त डावीकडे जातो आणि भाराला परत मध्ये ढकलतो. हीच अँकल स्ट्रॅटेजी. पोटरी, नडगीवरचा स्नायू आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारे पेरोनियस स्नायू हे काम करतात. ही थरथर पाहून लोक घाबरतात, पण ती थांबली तर माणूस पडेल.

घोट्याची मर्यादा मात्र कडक आहे. दाब तळव्याच्या कडेबाहेर जाऊ शकत नाही आणि तळवा रुंदीला असतो जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर. भार त्याहून पुढे किंवा जास्त वेगाने सरकला की घोट्याच्या हातात काही उरत नाही. मग कंबर आणि धड हलवून तोल सावरावा लागतो. हॉरॅक आणि नॅशनर या संशोधकांनी १९८६ मध्ये हे पुढे-मागे जाणाऱ्या तोलाच्या बाबतीत दाखवलं: सपाट जमिनीवर माणसं घोट्यातून सावरतात, पण पावलापेक्षा आखूड पट्टीवर उभं केलं की खुब्यातून. उशीवरही काहीसं तसंच होतं. मऊ पृष्ठभागावर घोट्याच्या दाबाला पक्का आधार मिळत नाही आणि काम खुब्याकडे जातं. बाईंचा नेमका खुबाच कच्चा होता.

ते दिसलं पाय बदलल्यावर. उजव्या पायावर उभ्या राहिल्या, तेव्हा घोटा व्यवस्थित काम करत होता. पण दोन-तीन सेकंदांत कमरेची डावी बाजू खाली गेली आणि लगेच सगळं धड उजवीकडे कललं. उचललेल्या पायाकडची कंबर अशी खाली जाते त्याला ट्रेंडेलेनबुर्ग चिन्ह म्हणतात. फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्ये ते नोंदवलं.

कंबर खाली का जाते, हे हिशेब मांडला की समजतं. बाईंचं वजन साठ किलो. जमिनीवरचा पाय सोडला तर उजव्या खुब्यावर तोलायचे उरतात साधारण पन्नास किलो, आणि हा भार सांध्याच्या मधल्या बाजूला दहाएक सेंटिमीटर अंतरावर असतो. त्याला आवरणारे ग्लुटिअस मीडियस आणि मिनिमस हे खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू सांध्यापासून पाचएक सेंटिमीटरवरून ओढतात. तराजूच्या दांडीचा एक हात दुसऱ्याच्या दुप्पट लांब असावा, तशी ही गत. म्हणजे स्नायूंना शंभर किलोची ओढ लावावी लागते, आणि सांध्यावर पडतात दोन्ही मिळून दीडशे. आकडे ठोकळ आहेत, माणसागणिक बदलतात, पण प्रमाण हे असंच. ती ओढ जमली नाही की धड त्याच बाजूला झुकवायचं, भार सांध्याजवळ आणायचा आणि काम हलकं करायचं, ही शरीराने काढलेली वाट. म्हणूनच “सरळ उभ्या राहा” असं त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

आता काठी. उजवा खुबा कच्चा असेल तर काठी डाव्या हातात हवी. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूला धरतात आणि मला दर वेळी ती काढून दुसऱ्या हातात द्यावी लागते. डावा हात उजव्या खुब्यापासून पंचेचाळीसएक सेंटिमीटर दूर असतो. तिथे काठीवर फक्त पाच किलोचा दाब दिला, तरी वरच्या हिशेबातली शंभर किलोची ओढ पंचावन्नवर येते आणि सांध्यावरचा भार शंभरवर. अंतर एवढं काम करतं.

खुब्याला दोष देण्याआधी एक गोष्ट तपासली. या स्नायूंच्या नसेत कमरेच्या पाचव्या मणक्याची मुळं असतात, आणि पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकदही मुख्यतः तिथूनच येते. अंगठा ढिला असता, तर मी पाठीकडे वळले असते. तो घट्ट होता.

राहिली ती खबर. स्नायू किती ताणला, सांधा किती वळला हे डोळ्यांनी न बघता कळतं, त्याला शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये प्रोप्रिओसेप्शन म्हटलं. स्नायूंमधल्या स्पिंडल, कंडरा, सांध्याचे बंध आणि तळव्याची त्वचा ही खबर पुरवतात. डोळे मिटून एका पायावर उभं केलं की यांच्यावर आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेवरच सगळं येतं. पण त्यात धडधाकट तरुणही काही सेकंदांत डगमगतात, म्हणून मी एवढ्यावर निदान करत नाही. डोळे मिटलेले असताना अंगठा किंचित वर-खाली हलवून दिशा विचारते, घोट्याच्या हाडावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ठेवते. जुन्या मधुमेहात इथे अनेकदा उत्तर चुकतं. बाईंचं चुकलं नाही.

खो-खो खेळणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी असते. तोच घोटा पुन्हापुन्हा मुरगळतो, पण खुबा भक्कम आणि घोट्याची ताकदही तपासात पुरेशी. बंध फाटताना त्यातले खबर देणारे धागेही तुटतात, असं फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडलं होतं. आज ते एकच कारण पुरेसं मानत नाहीत, तरी त्यांनी सुचवलेला डगमगत्या फळीवरचा सराव अजून उपयोगी पडतो. उशीचा सराव खरा या मुलांचा.

बाईंची उशी काढून टाकली. कुशीवर झोपून, पाठ आणि टाच भिंतीला टेकवून वरचा पाय भिंतीवरून सरकवत उचलायचा. भिंत यासाठी की एरवी कंबर मागे कलते, बोटं छताकडे वळतात आणि खुब्याच्या पुढचेच स्नायू काम उरकतात. दोन आठवड्यांनी खालच्या पायरीवर उजव्या पायाने उभं राहून, कठडा धरून, डावी कंबर थोडी खाली सोडायची आणि परत समपातळीत आणायची. खुब्याच्या बाहेरच्या हाडावर कळ आली, तर कंबर खाली सोडणं बंद, नुसतं समपातळीत धरायचं. तिथली कंडरा दुखावलेली असेल तर त्या स्थितीत ती हाडावर दाबली जाते.

दोन महिन्यांनी उजव्या पायावर त्या दहा सेकंद उभ्या राहिल्या, कंबर जवळजवळ समपातळीत ठेवून. दहाव्या सेकंदानंतर धड अजूनही कलत होतं, म्हणून पायरीचा व्यायाम चालू ठेवला आणि एसटीत चढताना काठी डाव्या हातात.