माळ्यावरचा निबंध

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईंत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरविण्याचें काम यंदां माझ्याकडे आलें. जुनीं पंचांगें व आजोबांच्या पेन्शनीचे कागद बाजूस सारल्यावर तळाशीं दोन टाइप केलेलीं पानें आणि एक मळकट वही निघाली. पानें मीं तत्काळ ओळखलीं. डिसेंबर २०१३ मध्यें अमेरिकेंतील एका विद्यापीठाकडे, भूजलशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठीं, अर्जासोबत धाडलेला तो माझा निबंध होता. मार्चमध्यें नकार आला. नकाराचें कारण कळविण्याची तिकडे चाल नाहीं. तेव्हां तें मींच ठरवून टाकलें: आपल्याला वशिला नाहीं! घरांत हें मीं इतक्या वेळां सांगितलें कीं, सर्वांना तें खरें वाटूं लागलें. मला तर वाटतच होतें.

आतां माळ्यावरच बसून निबंध वाचला. आरंभ असा कीं, लहानपणापासून मला पाण्याविषयीं ओढ आहे. पुढें राष्ट्राच्या जीवनांत पाण्याचें महत्त्व, माझी चिकाटी, आणि त्या विद्यापीठाची कीर्ति. गेलीं चार वर्षें आमच्या कचेरींत उमेदवारांचे अर्ज मी वाचतों. त्या संवयीनें पेन्सिल घेतली आणि वर्गांतील कोणाहि मुलाला स्वतःचें नांव घालून जीं वाक्यें वापरतां आलीं असतीं, तीं खोडीत गेलों. दुसरें पान संपलें तेव्हां एकच वाक्य शिल्लक होतें: ‘मीं एका भूजल-पाहणींतहि भाग घेतला आहे.’

त्या पाहणीची वही शेजारींच पडली होती. २०१२ सालचें अवर्षण वाचकांस आठवत असेल. त्या ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत दर पंधरवड्यास मी सासवडपलीकडील एका गावीं जाऊन बारा विहिरींचें पाणी मोजीत असें. कठड्यापासून पाण्यापर्यंत टेप सोडावयाची व त्यांतून कठड्याची उंची वजा करावयाची, इतकेंच काम. पहिल्या दोन नोंदींत चार विहिरींची पातळी एकाएकीं खालीं गेलेली दिसली. मला वाटलें, विहिरी आटूं लागल्या. तिसऱ्या खेपेस एका शेतकऱ्यानें विचारलें, “पंप चालूं असतांना मोजतां होय?” तेव्हांपासून पहांटे, पंप सुरूं होण्यापूर्वीं, मी मोजूं लागलों आणि त्या दोन नोंदींवर लाल शाईनें काट मारली.

दुसरी गोष्ट सातव्या व आठव्या विहिरीची. दोघींत अंतर सुमारें दोनशें फूट आणि खोली जवळजवळ सारखी, अडतीस फूट. आठवी जानेवारींत कोरडी पडली. सातवींत फेब्रुवारीअखेरहि अकरा फूट पाणी होतें. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांत पाणी सर्वत्र सारखें मुरत नाहीं. झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत तें सांठतें; अखंड पाषाणांत त्याला शिरावयास वाटच नसते. परंतु या दोन विहिरींच्या मध्यें नेमकें काय होतें, थर बदलला होता कीं एखादी भेग दुरून पाणी आणीत होती, हें टेपनें कळण्यासारखें नव्हतें. वहीच्या शेवटच्या पानावर मीं प्रश्नचिन्ह काढून ठेवलें होतें.

निबंधांत नव्हतें तें हेंच. माझी चूक, ती कशी उमगली तें, आणि मला न सुटलेला प्रश्न. तो प्रश्न लिहिला असता, तर त्याच विद्यापीठांत कां यावयाचें, हेंहि आपोआप लिहिलें गेलें असतें. कारण खडकांतील भेगांतून पाणी कसें वाहतें, याचा अभ्यास करणारे अध्यापक तेथें होते. मीं मात्र विद्यापीठाची कीर्ति विद्यापीठालाच ऐकविली. तेवढ्यानें प्रवेश मिळालाच असता, असें मी म्हणत नाहीं. गुण, शिफारशी, पैसा, सारेंच पाहिलें जातें. परंतु वशिल्याची गोष्ट मीं स्वतःच्या सोयीसाठीं रचली होती, हें नाकारतां येईना.

आणखी एक आठवलें. निबंध धाडण्यापूर्वीं धाकट्या काकांनीं तो वाचला होता. ते शाळेंत इंग्रजी शिकवीत. “अरे, यांत तुझ्या विहिरी कुठें आहेत?” एवढेंच त्यांनीं विचारलें. “काका, तें किरकोळ आहे. अशा ठिकाणीं मोठें कांहीं लिहावें लागतें,” असें मीं उत्तर दिलें. त्यांनीं पानांची घडी करून परत दिली. पुढें मी वशिल्याची गोष्ट सांगूं लागलों कीं, ते उठून बाहेर जात.

खालीं येऊन वही व निबंध दोन्ही त्यांच्यापुढें ठेवलीं. “काका, तुम्ही म्हणत होतां तें बरोबर होतें,” मी म्हणालों. निबंधाकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं. चष्मा पुसून वही उघडली, एकेक पान सावकाश उलटलें आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारलें, “मग त्या सातव्या विहिरीचें पाणी येत होतें तरी कुठून?”

मीं कागद ओढला आणि त्यांना दोन्ही विहिरी काढून दाखवूं लागलों.