अडतीस मालकांचा राखणदार

बीड शहरातील आमच्या कापड बाजाराच्या गल्लीत लहानमोठी ३८ दुकाने आहेत. रात्री नऊच्या सुमारास शेवटचे शटर खाली आले की पहाटे पाचपर्यंत ही गल्ली एका माणसाच्या स्वाधीन असते. सगळे त्यांना मामा म्हणतात. काठी, बॅटरी आणि शिट्टी एवढाच त्यांचा सरंजाम. महिन्याच्या पाच तारखेला मामा दुकानोदुकानी फिरतात, प्रत्येक जण अडीचशे रुपये देतो, आणि अशा रीतीने साडेनऊ हजारांचा पगार गोळा होतो. पूर्वी ते ऊसतोडीला जात. गुडघा साथ देईना तेव्हा कोयता ठेवला आणि काठी घेतली. या गोष्टीलाही आता अकरा वर्षे झाली.

२०२५ च्या नोव्हेंबरात एका सकाळी मामा पासबुक घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या गावचा एक सोबती हृदयविकाराने गेला होता आणि त्याच्या बायकोच्या खात्यात दोन लाख रुपये जमा झाले होते. "साहेब, माझंबी खातं त्याच्याच संगं काढलेलं हाय. शिबिरात. मग माझं बी असंलच की?"

बँकेत छत्तीस वर्षे काढल्यावर पासबुक वाचण्याची एक सवय जडते. शिल्लक नंतर पाहायची, आधी मे महिन्याची अखेर पाहायची. जीवनज्योती आणि सुरक्षा या दोन्ही विमा योजनांचे वर्ष १ जून ते ३१ मे असे चालते. त्यामुळे ज्याचा विमा आहे, त्याच्या पासबुकात मेच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता वजा झाल्याची नोंद असतेच. जून २०२२ पासून जीवनज्योतीसाठी वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षेसाठी २०. त्यापूर्वी अनुक्रमे ३३० आणि १२. मामांच्या पासबुकात २०१५ पासूनचे सारे मे महिने मी पाहिले. एकही नोंद नव्हती. दर महिन्याला दुकानदारांपैकी जे मोबाईलवरून पैसे पाठवत ते जमा होत आणि दोन दिवसांत सगळे काढून घेतलेले दिसत होते.

त्यांचा समज असा होता की जनधन खाते म्हणजेच विमा. हा समज अगदीच निराधार नाही. त्या खात्याच्या रुपे कार्डाबरोबर अपघात विमा येतो खरा, पण अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत त्या कार्डाचा एकदा तरी वापर झालेला असावा लागतो. मामांचे कार्ड पाकिटासकट घरच्या पेटीत होते. २०१४ पासून ते कोणत्याही यंत्रात गेलेच नव्हते. दोन लाखांचे विमे तर वेगळेच. त्यासाठी स्वतंत्र अर्ज आणि खात्यातून हप्ता वळता करण्याची संमती द्यावी लागते. सोबत्याने तो कागद भरला होता, मामांनी भरला नव्हता. भरायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेही नसावे.

"मग पीएफ तरी?" त्यांनी विचारले. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला लागू होतो. आमच्या गल्लीत कोणाकडे दोन नोकर, कोणाकडे चार. आणि मामा तर त्यांपैकी कोणाच्याच हजेरीपटावर नाहीत. वर्गणीतून पगार होतो. वर्गणीला मालक नसतो. ऊसतोडीच्या काळात मुकादमाच्या वहीत त्यांचे नाव होते, तेही उचलीपुरते. ३८ जणांची मालमत्ता राखणारा हा माणूस कागदोपत्री कोणाचाच नोकर नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच स्पष्ट दिसले. आपल्यापैकी अनेकांची दुकाने अशाच पेठांत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे मी कुठंच न्हाई." आणि लगेच, "आता काय काय होतंय ते सांगा. आजपास्नं धरू."

पहिला प्रश्न वयाचा आला. बहात्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी आपला जन्म, एवढेच त्यांना ठाऊक. आधारवर १ जानेवारी १९७६ ही तारीख आहे, आणि बँक तीच धरते. त्या हिशेबाने ते ४९ वर्षांचे होते आणि पन्नाशीला काही आठवडेच उरले होते. जीवनज्योतीत प्रवेश १८ ते ५० या वयातच मिळतो. एकदा आत आले की दरवर्षी हप्ता भरून ५५ पर्यंत संरक्षण राहते. सीमेवर उभे राहून नियमाचा अर्थ लावीत बसण्यापेक्षा सीमेच्या आत असतानाच अर्ज दिलेला बरा, असे मी म्हणालो.

दोन पेन्शन योजनांची दारे मात्र बंद झाली होती. अटल पेन्शन आणि श्रमयोगी मानधन, दोन्हींत प्रवेश चाळिशीपर्यंतच. अटल पेन्शन १ जून २०१५ ला सुरू झाली तेव्हा मामा कागदोपत्री ३९ वर्षांचे होते. म्हणजे सात महिने ते दार त्यांच्यासाठी उघडे होते. त्या वयाला महिन्याला २६४ रुपये भरले असते तर साठीनंतर महिना हजार रुपयांची हमी मिळाली असती. हे सांगावे की नाही, असा क्षणभर विचार केला, मग सांगितले. माणूस हिशेबाला बसला असेल तर त्याला पूर्ण हिशेब द्यावा.

शाखेत आम्ही एकत्रच गेलो. जीवनज्योतीचा हप्ता वर्षाच्या मध्ये प्रवेश घेणाऱ्यास तिमाहीनुसार कमी होतो: सप्टेंबर ते नोव्हेंबरात ३४२ रुपये, डिसेंबर ते फेब्रुवारीत २२८. काउंटरवरच्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितले, "मामा, आठवडाभर थांबलात तर ११४ रुपये वाचतील." मामांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना दुसरी बाजू सांगितली: नव्या सभासदाला पहिले ३० दिवस अपघाती मृत्यूखेरीज अन्य मृत्यूचे संरक्षण नसते, आणि हे ३० दिवस प्रवेश घेतल्यापासूनच मोजले जातात. थांबू तितके ते पुढे सरकतात. "ऱ्हाऊ द्या एकशे चौदा," मामा म्हणाले. "रातीचं काय सांगावं."

सुरक्षा विम्याचे २० रुपये त्याच दिवशी वळते झाले. त्यात ७० वर्षांपर्यंत राहता येते आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. राखणदाराच्या दृष्टीने त्यातील एक तपशील मोलाचा आहे: चोराच्या हल्ल्यात जीव गेला तर तोही यात अपघातच धरला जातो. पोलिसांकडील नोंद मात्र हवी, आणि सर्पदंशासारख्या प्रसंगी दवाखान्यातील तत्काळ नोंद हवी. गल्लीच्या मागच्या मोकळ्या जागेत साप निघतात. मामांनी हे दोनदा विचारून घेतले.

वारसाच्या रकान्यापाशी आणखी एक गोष्ट उघड झाली. बचत खात्याला वारस म्हणून त्यांच्या आईचे नाव होते आणि आई जाऊन सहा वर्षे झाली होती. विम्याच्या अर्जात पत्नीचे नाव लिहिले म्हणून खात्याचा वारस आपोआप बदलत नाही. त्याचा अर्ज निराळा. तोही भरला. नोकरीत असताना कितीतरी विधवांना केवळ या एका रकान्यापायी तहसील ते न्यायालय अशा खेपा घालताना मी पाहिले आहे.

ई-श्रमची नोंदणी सुविधा केंद्रात झाली. १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला ती करता येते. आधारला मोबाईल जोडलेला असला की काम अर्ध्या तासाचे. मामांना बारा अंकी क्रमांकाचे कार्ड मिळाले, त्याचा त्यांना फार आनंद झाला. ते कार्ड म्हणजे विमाही नव्हे, पेन्शनही नव्हे, हे मात्र मी त्यांना सांगून ठेवले. सरकारच्या यादीत आपण आहोत, एवढीच त्याची साक्ष.

राहिला म्हातारपणाचा प्रश्न, आणि तिथे आमचे मतभेद झाले. राष्ट्रीय पेन्शन योजनेचे दार पन्नाशीतही उघडे असते, मी ती सुचवली. मामांनी मान हलवली नाही. आमच्या जिल्ह्याने अलीकडे पतसंस्था बुडताना पाहिल्या आहेत. एका पतसंस्थेत त्यांचेही बावीस हजार अडकले आहेत. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, हा फरक त्यांना पैसे अडकल्यावर कळला. "डोळ्याला दिसंल असं काहीतरी सांगा," ते म्हणाले. शेवटी पोस्टात पाच वर्षांचे आवर्ती खाते उघडले, महिना पाचशे रुपये. ६.७ टक्के दराने मुदतीअखेर पस्तीस हजारांच्या थोडे वर होतील. म्हातारपण यावर निघणार नाही हे त्यांनाही कळते. मलाही त्यांच्या जागी असतो तर पोस्टच बरे वाटले असते, असे आता वाटते.

व्यवहारातील खरी अडचण पुढे आहे. मेअखेरीस खात्यात ४५६ रुपये नसतील तर हप्ता वळता होणार नाही आणि कोणी दार ठोठावून सांगणारही नाही. खाते पाच तारखेला भरायचे आणि सात तारखेला रिकामे करायचे, ही अकरा वर्षांची सवय. सुरक्षा विमा पुढच्या वर्षी वीस रुपये भरून पुन्हा घेता येईल, पण जीवनज्योतीत पन्नाशीनंतर नव्याने प्रवेश नाही. म्हणून खात्यात पाचशे रुपये कायम ठेवायचे असे ठरले, आणि मामांनी पासबुकाच्या वेष्टनावर निळ्या शाईने आकडा लिहून घेतला.

गल्लीतील दुकानदारांपुढे मी विषय काढला. प्रत्येकाने महिन्याला दहा रुपये जादा दिले तर वर्षाला ४,५६० होतात. दोन्ही विमे आणि पोस्टाचे आठ हप्ते त्यात बसतात. काहींनी लगेच होकार दिला, काहींनी दिवाळीला बक्षिसी देतोच की म्हणून विषय संपवला. आतापर्यंत एकवीस दुकाने जादा पैसे देतात.

मामांचा मुलगा वीस वर्षांचा आहे, पुण्यात घरपोच माल पोचवतो. त्या वयाला अटल पेन्शनमध्ये पाच हजारांच्या पेन्शनसाठी महिन्याला २४८ रुपये पडतात. चाळिशीत तेच १,४५४ होतात. हे दोन आकडे मामांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतले आणि मुलाला फोनवर वाचून दाखवले. मुलगा "बघू" म्हणाला. मामा आता दर रविवारी पहाटे, काम सुटल्यावर, त्याला फोन लावतात आणि पहिला प्रश्न तोच विचारतात.