शड्डूच्या मागे पडलेला आवाज

हल्ली उजव्या कानाला कमी ऐकू येतं, म्हणून कुंडलच्या कुस्ती मैदानाच्या चित्रीकरणात आवाज चित्राशी जुळवताना पुतण्याला शेजारी बसवतो. तो मांडीवर पडणारा हात बघतो आणि शड्डूचा आवाज केव्हा आला ते सांगतो. शड्डूइतकी चोख खूण दुसरी नाही.

टेपच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे २५च. फोनचं तसं नाही. ऊन असेपर्यंत तो ३० देतो. मावळतीला उजेड कमी पडला की एकेका फ्रेमला जास्त वेळ घेतो आणि फ्रेम घटतात. प्रत्येक फ्रेमची खरी वेळ फाइलमध्ये नोंदलेली असते, म्हणून व्हीएलसीत सगळं जुळलेलं दिसतं. काही एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र ती नोंद न पाहता फ्रेम ३०च्या हिशोबानं एकापुढे एक रचतात. आवाज आपल्या वेळेनं चालतो, चित्र आधीच संपतं.

दीड तासाची फाइल घ्या. पहिला तास पुरता ३०चा, शेवटचा अर्धा तास सरासरी २९.९चा. फ्रेम भरतात १,६१,८२०; त्या ३०नं मांडल्या तर ५,३९४ सेकंद. आवाज ५,४०० सेकंदांचा. सहा सेकंदांची तूट, तीही सगळी दिवे लागल्यानंतरची. इथे बरेच जण आवाज सहा सेकंदांनी आवळतात. सुरुवात जुळते, शेवटही जुळतो. पण तासाच्या टोकाला आवाज चार सेकंद आधी येतो. पैलवान अजून वाकलेला आणि लोकांचा जल्लोष सुरू! वेगळ्या रेकॉर्डरचं घड्याळ चुकत असेल तर फरक एकसारखा वाढतो, तिथे आवळणं चालतं. इथे नाही.

मीडियाइन्फोत Frame rate mode पुढे Variable दिसलं की एडिटिंगला बसण्याआधीच मी हे चालवतो:

```
ffmpeg -i maidan.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le maidan.mov
```

नोंदलेल्या वेळा पाहून ते कमी पडलेल्या जागी आधीची फ्रेम पुन्हा ठेवतं. वरच्या फाइलीत अशा १८० फ्रेम वाढतील, डोळ्याला कळणारही नाहीत. फाइल मात्र फुगते.

तालुक्यातले काही स्टुडिओवाले यावर फोनलाच नावं ठेवतात. बाकीचे हलगी बंद करून वर गाणं चढवतात. मग आवाज सरकला काय नि राहिला काय.

ffmpegची ही ओळ पुतण्याला मी बरेच दिवस दाखवली नव्हती. कानानं शड्डू शोधून तुकडे जुळवणारा मी एकटाच, ही ऐट सोडवत नव्हती. अजूनही कुणी मूळ फाइल पुसून, एडिटिंगमधून निघालेली बिघडलेली प्रत घेऊन येतो. तिच्यात खऱ्या वेळा उरलेल्या नसतात, ही ओळ तिथे काही करू शकत नाही. मग शड्डूगणिक कापत बसावं लागतं. तोंडानं मी कुरकुरतो, पण असं गिऱ्हाईक आलं की मनातून खूश होतो.